रजेच्या अर्जातली शेवटची ओळ

माझे यजमान उमाकांत यांनी बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं नोकरी केली. यंत्रांचे सुटे भाग हलवायचे, तापवायचे, आपटायचे आणि ते टिकतात की मोडतात ते लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. या छत्तीस वर्षांत साहेबाची सही झाल्याशिवाय त्यांनी एकही रजा घेतली नाही. रजा मंजूर झाल्याचा कागद खिशात ठेवूनच हे बोहल्यावर उभे राहिले, असं मी चारचौघांत चेष्टेनं सांगायची. आता सांगत नाही.

निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून एचएसआर लेआउटमधल्या एका लहान कंपनीचं सल्लागाराचं काम त्यांनी घेतलं. ही कंपनी पिकांवर फवारणी करणारे ड्रोन बनवते. मालक मुकुल, पुण्याचा मुलगा, एकतीस वर्षांचा, बोलायला गोड. ही नोकरी नव्हती, वर्षाचा करार होता. ठरलेल्या तारखेला ठरलेला अहवाल द्यायचा, बाकी जयनगरच्या घरी बसून काम करा नाहीतर झोपा काढा. करारात एक कलम होतं, की सल्लागार काही दिवस नसणार असेल तर त्यानं पंधरा दिवस आधी कळवावं आणि अहवालांच्या नव्या तारखा दोघांनी लेखी ठरवून घ्याव्यात. कळवावं, एवढंच लिहिलं होतं. परवानगी मागावी असं कुठंही नव्हतं. पण ज्याच्या हाडात अर्ज मुरलाय त्याला हे कोण सांगणार?

ऑक्टोबरमध्ये बेळगावहून अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे यांचे थोरले भाऊ गुंडो. एसटीत कंडक्टर होते, शाळा चौथीपर्यंत, पण माणूस असा नकलाकार की आख्खी बस हसवत न्यायचे. कुणाचाही आवाज काढायचे. त्यांच्या घशात कर्करोग निघाला होता आणि चोवीस नोव्हेंबरला ऑपरेशन ठरलं होतं. स्वरयंत्र काढणार होते. त्यानंतर बोलणं नाही.

फोनवर त्यांचा आवाज घोगरा आणि इतका बारीक येत होता की हे फोन कानात खुपसून बसले होते.

"उम्या, माझा आवाज हाय तवर ये. आई कशी बोलायची ते तुला काढून दाखवतो."

यांची आई गेली तेव्हा हे दोन वर्षांचे होते आणि अण्णा अकरा. आईचा एक फोटो आहे, तोही लग्नातल्या गर्दीतला, चेहरा नीट दिसत नाही. अण्णांनी साऱ्या गावाच्या नकला केल्या, पण आईची कधी केली नाही. हे लहानपणी हट्ट करायचे तेव्हा अण्णा उठून बाहेर जायचे. आणि आता साठ वर्षांनी स्वतःहून म्हणत होते. हे फोन ठेवून बाल्कनीत गेले आणि बराच वेळ कुंडीतली वाळकी पानं काढत राहिले. हे रडणारे नाहीत, पण त्या दिवशी तुळशीचीही हिरवी पानं खुडली गेली.

"फोनवरच ऐकून घ्या ना," मी म्हटलं.

"त्याला ते समोर बसून करायचं असतं. हातवारे, मान, सगळं. आणि फोनवर त्याचं अर्धं मला कळतसुद्धा नाही." मग म्हणाले, "दहा तारखेला निघू. अठ्ठावीसपर्यंत राहू. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे मिळतील."

चोवीस ऑक्टोबरला, म्हणजे चांगले सतरा दिवस आधी, यांनी मुकुलला पत्र लिहायला घेतलं. मेलच, पण लिहायची तऱ्हा अर्जाची. काम कसं चोख मांडलं होतं. दहा ते अठ्ठावीस मी नसेन. चाचणीचा आराखडा बारा तारखेला द्यायचा आहे तो आठलाच देतो. कंपनाची चाचणी तेरा ते पंधरा या दिवसांत भाड्याच्या प्रयोगशाळेत होईल, तेव्हा आपल्या कंपनीतली केतकी तिथं थांबेल, तिला मी आधी सगळं शिकवून ठेवतो. त्या चाचणीचा अहवाल अठरा तारखेला आहे, तो पाच डिसेंबरला देतो. या नव्या तारखांना आपली लेखी संमती द्यावी. इथपर्यंत झकास होतं. इथं थांबले असते तर मी आज हे सांगत बसले नसते.

कारण म्हणून लिहिलं, घरगुती. आणि खाली शेवटची ओळ: कामाची निकड असल्यास माझी रजा पुढे ढकलण्यास माझी हरकत नाही.

मला वाचायला दिलं. मी शाळेत तीस वर्षं शिकवलंय, माझ्याही प्रत्येक अर्जाखाली हीच ओळ असायची. त्या ओळीचा कधी कुणी अर्थ घेत नसे. तिच्याशिवाय अर्ज नागडा वाटायचा, इतकंच. मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि म्हटलं, "छान लिहिलंय." हे माझंच वाक्य आहे, ते मी कुणावर ढकलणार?

मुकुलचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. अगदी नम्र. ड्रोन विकत घेणाऱ्या कंपनीचे लोक एकोणीस नोव्हेंबरला पाहणीला येणार आहेत, त्यांच्यासमोर कंपनाचा अहवाल ठेवता आला तर फार बरं होईल. तुम्ही रजा पुढे ढकलता येईल असं आपणहून लिहिलंत त्याबद्दल आभार. एकोणीसच्या संध्याकाळी निघालात तर चालेल का?

"नाही म्हणून कळवा," मी म्हटलं.

"असं कसं? मीच लिहून दिलंय."

"लिहिलं म्हणजे काय दगडावर कोरलं? आवाज जाणार आहे त्यांचा. हे तरी लिहा."

"घरच्या गोष्टी कामात आणायच्या नसतात, सुलभा." मग बोटं मोडून हिशेब केला. "वीस, एकवीस, बावीस, तेवीस. चार दिवस मिळतायत की. आईची नक्कल करायला अण्णाला चार दिवस कशाला लागतात?"

मी आणखी भांडायला हवं होतं. नाही भांडले. छत्तीस वर्षं साहेब म्हणेल तशी तिकिटं बदलायची मलाही सवय होतीच. मी तिकिटं बदलली. यांनी मुकुलला "तारीख मान्य" असं लिहिलं आणि अण्णांना फोन करून सांगितलं, की रजा जरा पुढे गेली. पलीकडून पुष्कळ वेळ खोकला ऐकू आला. मग अण्णा म्हणाले, "सरकारी काम हाय, चालायचंच. मी वाट बघूलालोय." सरकारी काम सुटून साडेतीन वर्षं झाली हे त्यांना सांगायचं यांच्या मनात आलं नाही.

चौदा नोव्हेंबरला, शुक्रवारी, हे चाचणीला गेले होते. दुपारी बाराच्या सुमारास महानंदा वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, मला फोन आला. अण्णांना पहाटेपासून श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. दवाखान्यात नेलं तेव्हा ओठ निळे पडले होते. घशातली गाठ वाढून वाट बंद झाली होती, म्हणून डॉक्टरांनी मानेला खालून भोक पाडून तिथं नळी बसवली. जीव वाचला. आता ते नळीतूनच श्वास घेतात, आवाज फुटत नाही. ऑपरेशन ठरल्या दिवशीच होईल.

"म्हणजे तोवर थोडंसं तरी बोलता..." मी विचारलं.

"नाही गं सुलभा," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, आता झालं ते झालं. सकाळी रिक्षात बसताना हे म्हणाले, उम्याला कळव. तेच शेवटचं बोलणं."

प्रयोगशाळेत फोन लागेना. मी रिक्षा केली आणि निघाले. हे कान झाकून यंत्राशेजारी उभे होते, केतकी आकडे वाचून दाखवत होती. मला दारात बघितल्यावर यांनी कान उघडले आणि मी सांगितलं. हे खाली बसले नाहीत की काही नाही. केतकीला म्हणाले, "पुढचे दोन टप्पे तू कर, तुला येतं." मग खिशातून फोन काढून मुकुलला दोन ओळी लिहिल्या. मी बेळगावला जातो आहे. माझा भाऊ आजारी आहे. अहवाल पाच डिसेंबरला देईन. कृपया नाही, संमती नाही, निकड नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा या माणसानं नुसतं कळवलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. आम्ही रिक्षात होतो, यांनी वाचून फोन माझ्या हातात दिला. "सर, तुम्ही लगेच निघा. पाहणीवाल्यांना आत्ताच फोन केला, ते आठ डिसेंबरला यायला तयार आहेत, त्यांना काहीच अडचण नाही. भाऊ आजारी आहे हे आधी बोलला असतात तर तेव्हाच तारीख बदलली असती. तुम्हीच पुढे ढकलता येईल लिहिलं होतं, म्हणून मला वाटलं साधी सुट्टी आहे."

एक फोन. एवढंच होतं ते. मला त्या मुलाचा राग करायचा होता, फार करायचा होता, पण करणार कशाचा? त्यानं जे लिहिलं होतं तेच वाचलं. हे सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीकडे बघत बसले आणि मी त्यांचा हात धरला तर सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बेळगाव गाठलं. अण्णा दवाखान्यात खाटेवर उशीला टेकून बसले होते. मानेला पांढरी पट्टी, मधून नळी. आम्हाला बघून हसले, तेच जुनं खट्याळ हसणं. वहिनींनी पोरांची पाटी आणून ठेवली होती. अण्णांना लिहायचा सराव नाही, चार शब्दांना पाच मिनिटं लागली. पाटी फिरवून यांच्यापुढे धरली.

रजा मंजूर झाली काय.

"झाली," हे म्हणाले. "झाली अण्णा."

अण्णांनी मान डोलावली आणि पाटी बाजूला ठेवली. मग चादरीचं टोक डोक्यावर पदरासारखं ओढलं, एक हात कमरेवर टेकवला, मान किंचित डावीकडे कलली. चेहरा एकदम कुणा वेगळ्याच, तरुण आणि जरा चिडक्या बाईचा झाला. ओठ भराभर हलू लागले. ती कुणाला तरी हाक मारत होती, रागावत होती, मग हसली. वहिनी तोंडावर पदर घेऊन बाहेर गेल्या.

नळीतून नुसता वारा येत होता. हे पुढे सरकले, अण्णांच्या ओठांना जवळजवळ कान लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिले.