काठ्यांची दुर्री

टॅरोचे पत्ते वाचणाऱ्या बाईने स्वतःसाठी पत्ता काढू नये असं नाही. पण काढलाच तर दुसऱ्याला वाचून दाखवतो तसा शिस्तीत काढावा, हे तिला शिकवलेलं होतं आणि ती इतरांना येता-जाता ऐकवतही असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

केस कापायच्या दुकानामागची छोटी खोली तिने भाड्याने घेतली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक खिडकी आणि भिंतीपलीकडे दिवसभर चालणारा ड्रायरचा घूंघूं आवाज. दुपारी बायका केस सुकेपर्यंत आत येत आणि जाताना थोड्या हलक्या होऊन जात. ती भविष्य सांगत नसे. "चित्रात काय आहे ते मी सांगते, तुमच्या घरात काय आहे ते तुम्ही सांगा," असं म्हणे. त्यामुळे तिची गिऱ्हाईकं टिकून होती.

तिच्या स्वतःच्या घरात होता मिस्त्री. म्हणजे घरात नव्हता, आणि आता सगळं घोडं तिथेच अडलं होतं. मिस्त्री बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी हात घासून घासून धुऊन तिच्याकडे यायचा. जेवण व्हायचं, रमीचे दोन डाव व्हायचे, तो हमखास हरायचा आणि आपल्या खोलीवर जायचा. किती वर्षं हे चाललं होतं ते दोघांपैकी कुणी मोजलं नव्हतं. भांडण नाही, तंटा नाही. तिच्या कपाटात त्याचा एक टॉवेल होता आणि त्याच्या खोलीत तिची एक छत्री. एवढ्यावर तिचं छान चाललं होतं.

मागच्या गुरुवारी हातातले पत्ते लावता लावता मिस्त्री म्हणाला, "वरच्या गावातल्या गोदीत मला बोलावलंय. कायमचं काम. दादा आणि वहिनी तिथेच आहेत, आईलाही तिथेच नेतायत. मोठं घर घेतलंय. खालच्या मजल्यावर खानावळ काढायची म्हणतात. आपणही जाऊ. सगळे मिळून राहू, सगळे मिळून चालवू. बघ बुवा. रविवारी सांग."

आणि एवढं बोलून त्याने चक्क डाव जिंकला. तिचं लक्षच नव्हतं.

शुक्रवारी शेवटची बाई गेल्यावर तिने दार लावलं, पत्ते पिसले आणि घाईघाईने वरचा एक उलगडला. काठ्यांची दुर्री. पत्त्यावर छापलेलं नाव टू ऑफ वाँड्स, पण तिची मावशी तिला दुर्रीच म्हणायची आणि तिच्याही तोंडात तेच बसलं होतं.

चित्र तिला पाठ होतं. किल्ल्याच्या गच्चीवर लाल टोपी घातलेला एक माणूस उभा आहे. उजव्या हातात पृथ्वीचा छोटा गोल. डाव्या हातात काठी, कठड्यावर टेकवलेली. दुसरी काठी त्याच्या पाठीमागे भिंतीला लोखंडी कडीत पक्की बसवलेली. समोर शेतं, डोंगर, समुद्र. कठड्याच्या दगडावर गुलाब आणि लिली एकमेकांना छेद देऊन कोरलेले: एक हवंहवंसं वाटण्याचं फूल, एक शांत डोक्याचं.

'सरळ आहे,' ती मनाशी म्हणाली. 'कडीतली काठी म्हणजे गुरुवार-रविवार. हातातला गोल म्हणजे ते मोठं घर. माणूस बघतोय बाहेर. म्हणजे जा.'

मग तिला वाटलं, पण माणूस गेलेला कुठे आहे? तो तर अजून आपल्याच गच्चीवर आहे, चांगले कपडे घालून, सुखाने. म्हणजे राहा. गिऱ्हाईक समोर असतं तर ती या टोकाहून त्या टोकाला अशी कधीच गेली नसती. आता मात्र खुलासा हवा म्हणून तिने आणखी एक पत्ता काढला. प्याल्यांची दश्शी आली: इंद्रधनुष्याखाली नवरा-बायको, नाचणारी पोरं, भरलं घर. तिचा जीव हरखला. खात्री करायला म्हणून तिसरा काढला. तलवारींची अठ्ठी: डोळे बांधलेली, दोरीने आवळलेली बाई. एक म्हणतो चल, एक म्हणतो अडकशील. चौथा काढायला हात गेला तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. मनासारखं उत्तर येईपर्यंत पत्ते ओढणाऱ्या बायकांना ती किती बोलली होती.

शनिवारी ती मावशीकडे गेली. मावशीनेच तिला हे शिकवलं होतं. आता मावशीची नजर अधू झाली होती, पण पत्ते तिला न बघता दिसत. ती मटार सोलत बसली होती.

"दुर्री आली," ती मावशीला म्हणाली आणि सगळी हकिगत सांगितली.

"घर कुठलं धरलं होतंस?" मावशीने विचारलं.

घर म्हणजे पत्त्याची जागा. पत्ता उलगडायच्या आधी जागा ठरवायची असते: हा आत्ता जे आहे त्याचा, हा जे अडवतंय त्याचा, हा पुढच्या पावलाचा. तोच पत्ता एका घरात एक बोलतो, दुसऱ्यात दुसरं. आणि एकदा पत्ता दिसला की मग घर ठरवणं ही निव्वळ लबाडी.

"धरलंच नव्हतं," ती म्हणाली.

मावशीने कपाळाला हात लावला. "अगं, पहिल्या दिवशीचं पोरही ही चूक करत नाही. बरं, प्रश्न काय विचारलास?"

"जाऊ की नको."

"झालं मग. दुर्री हो-नाही बोलते का कधी? निघालेला माणूस तिर्रीत. तिथे तो भिंतीबाहेर उभा आहे आणि गलबतं पाण्यात गेलेली आहेत. दुर्री त्याच्या आधीची. हातात आहे, पण पाऊल उचललेलं नाही. विचार कर, आखणी कर, जाऊन बघून ये, एवढंच ती म्हणते. आणि दोघांच्या प्रश्नात पहिला मायेचा प्याला न येता कामाची काठी आली, म्हणजे माया आहे की नाही हा सवालच नाही. मायेचं करायचं काय, हा आहे."

"पण मावशी, कडीतली काठी सोडायची की—"

"दोन्ही काठ्या नीट बघितल्यास?"

तिने पिशवीतून पत्ता काढला. दोन्ही काठ्या सारख्याच होत्या. तेच लाकूड, दोन्हींना तशीच कोवळी पानं. कडीतली काठीही वाळलेली नव्हती.

"एक माणूस सोडून दुसरा धरायचा असता तर गोष्ट वेगळी," मावशी म्हणाली. "तुझा तोही मिस्त्री आणि हाही मिस्त्री. एक भिंतीला बसवलेला, एक हातात घेऊन चालायचा." तिने मटाराची शेंग मोडली. "आणि एक सांग. चित्रातला माणूस कोण, ते तरी ठरवलं होतंस?"

"मीच. आणखी कोण?"

मावशीने नुसतं "हं" केलं आणि मटाराकडे वळली. तिचं हे "हं" फार वाईट. त्याच्यापेक्षा शिव्या परवडल्या.

रात्रभर तिचं डोकं जात्यासारखं फिरत राहिलं. मोठ्या घरात पहाटे उठणारी वहिनी दिसली, आपल्या हातातला पोळपाटाएवढा झारा दिसला, भिंतीपलीकडे ड्रायरऐवजी माणसांचा गलका ऐकू आला. हे हवं आहे की नको, हे तिला खरंच कळेना.

रविवारी मिस्त्री वेळेवर आला. हात धुतले, टॉवेलला पुसले. तिने चहा दिला आणि रमीच्या पत्त्यांऐवजी टेबलावर दुर्री ठेवली.

"मला यातलं काही कळत नाही," तो म्हणाला.

"कळायचं काही नाही. बघ आणि काय दिसतं ते सांग."

त्याने पत्ता दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "आहे बरं याचं. सगळं जग हातात, आणि अंगाला वारा लागायला नको." मग त्याने पत्ता टेबलावर ठेवला. "वाट बघतोय वाटतं कुणाची तरी."

"कुणाची?"

"कुणीतरी येऊन म्हणावं याला. जा, नाहीतर राहा. म्हणजे हा सुटला."

बोलून गेल्यावर त्याचा चेहरा उतरला. तो उठून खिडकीशी गेला. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताने खिडकीचा गज धरलेला. खाली रस्ता होता, पलीकडे छपरं, त्यापलीकडे पाण्याची एक पट्टी. ती त्याच्याकडे बघतच राहिली. तीन दिवस ती त्या गच्चीवर स्वतःला उभं करून बघत होती. लाल टोपी तिच्या डोक्याला कधी बसलीच नव्हती.

"गोदीत काय सांगितलंयस?" तिने विचारलं.

"घरी विचारून कळवतो म्हणालो."

"आणि दादाला?"

"तेच. ती काय म्हणते त्यावर आहे, म्हणालो."

"आणि मी नाही म्हणाले असते तर?"

मिस्त्रीला खोटं बोलता येत नसे. रमीत तो त्यामुळेच हरायचा. "तर बरं झालं असतं," तो हळू म्हणाला. "म्हणजे वाईट वाटलं असतं, पण बरं झालं असतं. गुरुवार-रविवार आपलं छान चाललंय ना. मला वाटलं होतं तू नाहीच म्हणशील."

तिला हे लागलं. चांगलंच लागलं. आपण तीन रात्री वाळूसारख्या चाळल्या आणि या गृहस्थाने आपल्या नकाराच्या सावलीत खुशाल ताणून दिली होती. दोन शब्द सुनवायला तिने तोंड उघडलं, आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की आपल्याला तो नकार नको आहे. तिलाही तशाच, त्याच्या शब्दाच्या सावलीत बसायचं होतं, तो म्हणतोय म्हणून जायचं होतं, म्हणजे पुढे काही बिनसलं तर बोट दाखवायला कुणीतरी असतं. दोघंही एकमेकांच्या भिंतीला टेकून उभी होती.

"मी येईन," ती म्हणाली.

मिस्त्री वळला.

"पण खानावळीत मला भांडी घासायला लावलीत तर मी परत येईन. मला पत्त्यांसाठी एक खोली लागेल, दार असलेली. आणि आधी घर बघितल्याशिवाय मी इथली खोली सोडणार नाही. हे माझं झालं. आता तू सांग, तू येणार आहेस का?"

कपातल्या चहावर साय धरली. "यातला एक पत्ता माझ्यासाठी काढ ना," तो म्हणाला.

"नाही काढणार."

त्याने कप टेबलावर ठेवला. गजावरचा हात मात्र तसाच राहिला. तिने दुर्री उचलून गठ्ठ्यात घातली, गठ्ठा कापडात गुंडाळला, गाठ मारली, आणि तरी तो तसाच उभा होता. मग त्याने गज सोडला, खिशातून फोन काढला आणि भावाला लावला.

"दादा," तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात येतोय. घर बघायला. नाही, नाही, मी एकटा नाही. तिचं सोड, मीच ठरवलंय." त्याने तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे दोघांनी."

तिला एकदम भीती वाटली आणि बरंही वाटलं. त्यातलं आधी काय वाटलं, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.