सात आणि तेवीस

चैत्राचं ऊन. पिवळंधमक, कोरडं, पापणीला चटका देणारं ऊन. माळावर बेदाण्याच्या शेडी उभ्या, शेडींवर हिरव्या जाळ्या, जाळ्यांच्या आत मजल्यामागून मजले अंथरलेली द्राक्षं. कालची हिरवी, आजची पिवळी, उद्याची सोनेरी. गोडव्याचा आणि गंधकाचा मिसळलेला वास साऱ्या गावावर पसरून राहिलेला. त्या वासात गाव जेवत होतं, झोपत होतं आणि पोरींच्या परीक्षांची काळजीही करत होतं.

गावाच्या कडेला कुमुदिनी पाटणेबाईंचं कौलारू घर. मागच्या पडवीत त्यांची शिकवणी. सव्वीस वर्षं बाई तिथं गणित शिकवत होत्या. बाईंच्या लाल पेनाला पोरी विंचवाला भ्यावं तशा भ्यायच्या आणि आयाबाया त्याला देवासारखं मानायच्या. बाईंनी चूक म्हटलं की चूक. त्यावर कुणी वर मान करून बोललं नव्हतं, आणि बाईंनाही ते आवडायचं. आवडायचंच, खोटं कशाला बोला.

त्या पेनाला यंदा वजनही आलं होतं. सांगलीची एक संस्था दरवर्षी प्रत्येक गावातून एकच मुलगी उचलायची. अकरावी-बारावी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं संस्थेचं. मुलगी कोण, ते ठरायचं शिकवणीच्या पन्नास गुणांच्या परीक्षेवर. बाईंनी दहा दिवसांपूर्वी यादी पाठवली होती. रेवती चौगुले, त्रेचाळीस. सुगंधा ऐवळे, एकेचाळीस. दोन गुणांच्या फटीतून एक मुलगी आत गेली होती आणि एक बाहेर राहिली होती.

यादी पक्की व्हायची ती आज, संध्याकाळी पाच वाजता.

दुपारचे तीन वाजले होते. बाकीच्या मुली पाणी प्यायला उठल्या, रेवती उठली नाही. सावळी, सडसडीत, बोलायच्या आधी ओठ दोनदा मिटणारी पोर. तिच्या पुढ्यात तिची आणि सुगंधाची, दोघींच्या उत्तरपत्रिका होत्या. सुगंधाने आपली फेकून दिली होती, ती हिने उचलून ठेवली होती.

"बाई," ती इतकी हळू म्हणाली, की पंख्याच्या आवाजात ते बुडालंच असतं. "वर्तुळाचं केंद्र दोन जीवांच्या मधेच पाहिजे, असं गणितात कुठं लिहिलंय?"

बाईंनी गणित वाचलं. सतरा सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सोळा आणि तीस सेंटिमीटर लांबीच्या दोन समांतर जीवा आहेत. त्यांच्यातलं अंतर काढा. गुण चार. वाक्य त्यांच्याच हातचं. शेजारी आकृती नव्हती.

त्यांनी कागद ओढला, वर्तुळ काढलं. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेचे दोन सारखे भाग करतो, हे तर त्या झोपेतही सांगतील. सोळाचे निम्मे आठ. सतराचा वर्ग दोनशे एकोणनव्वद, त्यातून आठाचा वर्ग चौसष्ट गेले, उरले दोनशे पंचवीस, त्याचं मूळ पंधरा. म्हणजे लहान जीवा केंद्रापासून पंधरावर. तिसाचे निम्मे पंधरा. दोनशे एकोणनव्वदातून दोनशे पंचवीस गेले, उरले चौसष्ट, मूळ आठ. म्हणजे मोठी जीवा केंद्रापासून आठावर. इथवर दोघी मुलींचं शब्दन् शब्द सारखं होतं.

मग रेवतीने एक जीवा केंद्राच्या वर काढली होती आणि एक खाली. पंधरा आणि आठ, तेवीस. बाईंनी बरोबर दिलं होतं, चारपैकी चार. सुगंधाने दोन्ही जीवा केंद्राच्या एकाच बाजूला काढल्या होत्या. पंधरातून आठ गेले, सात. त्या सातावर लाल फुली होती. चारपैकी शून्य. पायऱ्यांचेसुद्धा गुण नव्हते. शेवटचा आकडा पाहून बाईंचा हात वरच्या ओळींकडे वळलाच नव्हता.

समांतर जीवा एकाच बाजूला असू शकतात. का असू नयेत? कोण अडवतंय त्यांना?

बाईंनी फडताळातलं जुनं मार्गदर्शक पुस्तक काढलं. गणित तिथलंच होतं. तिथं शेजारी आकृती होती आणि आकृतीत केंद्र दोन्ही जीवांच्या मधे होतं. प्रश्नपत्रिकेत त्यांनी वाक्य उतरवलं, आकृती गाळली. पण त्यांच्या डोळ्यांपुढची आकृती काही गळाली नाही. सव्वीस वर्षं तेच केंद्र, त्याच जागी. जी आकृती पोरींना दिलीच नव्हती, तिच्यावरून त्यांनी एका पोरीला शून्य दिलं होतं.

बाईंनी पुस्तक मिटलं. त्या खाली बसल्या.

मग त्यांनी जे केलं ते बुडत्याने काडी धरावी तसं होतं. त्यांनी गुण पुन्हा मांडले. दोघींचं उत्तर एकेका शक्यतेपुरतं बरोबर, म्हणून दोघींना पूर्ण चार दिले. रेवती त्रेचाळीस, सुगंधा पंचेचाळीस. नको. पूर्ण उत्तरात दोन्ही शक्यता हव्यात, म्हणून दोघींना निम्मे, दोन-दोन दिले. रेवती एकेचाळीस, सुगंधा त्रेचाळीस. नको, नको. प्रश्नच मोघम होता, तो रद्दच केला. रेवती एकोणचाळीस, सुगंधा एकेचाळीस. कुठूनही मोजा, सुगंधा दोनने पुढे. एखादी वाट तरी रेवतीला वाचवेल, म्हणून त्या आकडे फिरवत होत्या. आकड्यांना दयामाया नसते, हे त्यांनीच मुलींना शिकवलं होतं.

त्यांनी संस्थेत फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. सुधारित गुणपत्रक आणि मुलीची आणि पालकांची सही असलेला अर्ज, दोन्हींचे फोटो पाचच्या आत आले तर नाव बदलता येईल, असं त्या म्हणाल्या. नंतर नाही. कुमुदिनीबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आज मागितलं. दोघींना घ्या, म्हणाल्या. पलीकडून उत्तर आलं, की जागा एक आहे.

रेवती सगळं ऐकत होती. तिच्या घरी नवी ट्रंक आली होती. आजोबांनी झाकणावर तिचं नाव रंगवून घेतलं होतं. हे बाईंना ठाऊक होतं, कारण नाव कसं लिहायचं ते विचारायला आजोबा त्यांच्याकडेच आले होते.

"तुला कळत होतं का गं, हे विचारल्यावर काय होईल?"

पोरीने ओठ दोनदा मिटले. "मला जायचंय, बाई. लई जायचंय. पण सुगंधाचा पेपर बघितला, त्या दिवसापासून झोप न्हाई."

बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही. कुठल्या तोंडाने घेणार? त्यांनी सुधारित गुणपत्रक लिहिलं, ते आणि कोरा अर्ज पिशवीत घातले, तिला बसायला सांगितलं आणि सुगंधाकडे जायला स्कूटी काढली.

माळावरचा रस्ता पांढरा पडला होता. ऊन, धूळ, पुन्हा ऊन. दहा दिवस, बाईंच्या मनात येत होतं, दहा दिवस सुगंधा कशी जगली असेल. चूक त्यांची आणि मान खाली तिची. बाई रडत होत्या आणि उलटा वारा ते पाणी कानांमागे नेत होता.

शेडीत बायका ओळीने बसून बेदाण्यातल्या काड्या वेचत होत्या. सुगंधा आईच्या, पारूबाईंच्या शेजारी होती. बोटं सोनेरी, चिकट, भराभर चालणारी. बाईंना पाहून ती उठली नाही. बाई तिच्यासमोर भुईवर बसल्या. साऱ्या बायकांदेखत, आवाज न लपवता त्यांनी सांगितलं, की तुझं सात बरोबर होतं, चुकले ते मी.

पोरीची बोटं थांबली.

"मी घरी परत काढलं, बाई. धा येळा काढलं. दर येळी सातच यायचं." तिचा आवाज कोरडा होता. "मला वाटलं, आपल्या डोस्क्यातच कायतरी चुकीचं हाय. मग वह्या रद्दीत घातल्या."

याहून मोठी शिक्षा बाईंना कुठल्या कोर्टाने दिली नसती. त्यांनी अर्ज पुढे केला. पारूबाईंनी तो घेतला नाही. गुण एकदा कमी झाले, एकदा जास्त झाले, परवा आणखी कमी होतील, अशा अर्थाचं त्या खालच्या मानेने बोलल्या. पोरगी आत्ता कुठं जेवायला लागलीय, तिला परत आशेला लावू नका, म्हणाल्या. बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेचार. त्यांनी हात जोडले. गावाने देवासारखं मानलेलं ते माणूस बेदाण्याच्या काड्यांत बसून हात जोडत होतं, आणि बायकांनी संकोचून नजरा बेदाण्यांकडे वळवल्या होत्या.

सुगंधाने विचारलं, "मग रेवतीचं तेवीस चूक व्हतं?"

"नाही. तेही बरोबर."

"दोन्ही बरोबर, आन जागा एक." पोरीने आपल्या चिकट बोटांकडे पाहिलं. मग ती बोटं तिने परकराला पुसली, नीट, एकेक करून, आणि पेन मागितलं. सही केल्यावर कागद आईपुढे सरकवला. पारूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक रडत नव्हती, हसत नव्हती, नुसती सरळ बसली होती. दहा दिवसांत पहिल्यांदा सरळ बसली होती. आईने सही केली.

पाचला सात मिनिटं कमी असताना फोटो गेले. पाचला दोन मिनिटं कमी असताना उत्तर आलं. नाव बदललं आहे.

परतताना ऊन उतरलं होतं. बाईंनी रस्ताभर शब्द जुळवले. तुझी सोय मी करीन. दुसरी संस्था शोधीन. पुढच्या वर्षी. एकेक शब्द तोंडापर्यंत आला आणि लाजून मागे फिरला.

रेवती पडवीतच होती. जिथं बसवली, तिथंच. बाकीच्या मुली केव्हाच गेलेल्या. तिने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नुसती वही पुढे केली.

"तपासता, बाई?"

तेच गणित. तिने दोन वर्तुळं काढली होती. एकात केंद्र दोन जीवांच्या मधे, अंतर तेवीस. दुसऱ्यात दोन्ही जीवा एका बाजूला, अंतर सात. आकृती दिलेली नसल्याने दोन्ही उत्तरे शक्य, असं खाली लिहिलं होतं. अक्षर सुरेख होतं. शेवटच्या ओळीवर पाणी पडून शाई थोडी पसरली होती.

बाईंनी लाल पेन उघडलं. पहिली पायरी त्यांनी वाचली, दुसरी वाचली, एकही ओळ न गाळता, बोट ठेवून, सव्वीस वर्षांत वाचली नव्हती तशी वाचली. कुठं चूक सापडेना. एखादी सापडावी म्हणून त्या पुन्हा वरून खाली आल्या. सापडेना.

कौलांवरून शेवटचं पिवळं ऊन सरकत खाली आलं, भिंतीवर आलं, वहीवर आलं. त्या उजेडात बाईंनी लिहिलं, चारपैकी चार. हे गुण आता कुठल्याच यादीत जमा व्हायचे नव्हते, तरी पोर ते बघत राहिली, बघत राहिली, ऊन जाईपर्यंत.