तीस नंबरची पट्टी

दादांच्या दुकानात जुने कपडे विकत नाहीत. तिथं ‘आधी जगलेले’ कपडे विकतात. हा शब्द दादांनी स्वतः शोधला. शोधायला एक आठवडा लागला, आणि तो आठवडा दुकान वहिनींनी चालवलं. त्याआधीही त्याच चालवत होत्या, पण शब्द शोधायला कुणीतरी मोकळं असावंच लागतं.

धंदा बराचसा मोबाइलवर चालतो. ज्याला जीन्स विकायची त्यानं फोटो पाठवायचे, ते मागच्या खोलीतल्या बाईंनी तपासायचे आणि माल अस्सल ठरला तरच दुकानात घ्यायचा. या बाईंना सगळे ‘भिंगबाई’ म्हणतात. त्यांच्या फोटोंच्या मागण्या ठरलेल्या: खिशाच्या कोपऱ्यातल्या रिव्हेटचा, म्हणजे धातूच्या खिळ्याचा, पुढून आणि मागून, कमरेवरच्या चामड्याच्या पट्टीचा, आतल्या लेबलाचा दोन्ही बाजूंनी आणि बटणाच्या पाठीचा. लोक मात्र आरशासमोर उभं राहून स्वतःचा फोटो पाठवतात. त्यात टाइल्स दिसतात, गीझर दिसतो, जीन्स तेवढी दिसत नाही.

विकणाऱ्याचं नाव बाईंना कळू द्यायचं नाही, हा नियमही दादांचाच. मागे दादांच्या मावशीची एक पर्स निव्वळ मावशीपणाच्या जोरावर पास झाली होती. गिऱ्हाइकानं ती परत आणली, तेव्हा बंद तुटून एका हातात होता आणि पर्स दुसऱ्या हातात. त्या दिवसापासून दुकानात नातं चालत नाही.

आता दुकानाची दुसरी शाखा उघडायची होती. दाराशीच काचेची पेटी केली होती आणि तिच्यात लागणार होती दादांची कॉलेजातली जीन्स. पाटी रंगवून तयार होती: ‘मालकाची पहिली जीन्स. अस्सल बैलछाप. कंबर तीस. तेव्हाही, आजही.’ बैलछाप म्हणजे मान खाली घालून उभा असलेला बैल चामड्याच्या पट्टीवर उमटवणारी ती परदेशी कंपनी. ‘आजही’ या शब्दाबद्दल दुकानात कुणी बोलत नसे. दादा शर्ट बाहेर ठेवत, आणि पगार दादाच देत.

उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलं, पाहुण्यांना आमंत्रणं गेली, आणि दादांना आणखी एक कल्पना सुचली.

“माझी जीन्ससुद्धा नियमानंच तपासायची,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. “बिननावी! पाहुण्यांना निकाल दाखवू. मालकाला वेगळा न्याय नाही.”

“अहो, राहू द्या की,” वहिनी म्हणाल्या.

“का राहू द्यायचं? अस्सल माल आहे. पट्टी बघ, बैल बघ.”

दादांनी आयुष्यभर अस्सल माल विकला होता, पण पट्टी आणि बैल यांच्या पलीकडे जीन्सला आतली बाजू असते याकडे त्यांचं कधी लक्ष गेलं नव्हतं. त्यांच्या मेहुण्यानं, म्हणजे वहिनींच्या धाकट्या भावानं, सवयीनं फोटो काढले. एका हातानं कॅमेरा, दुसऱ्या हातानं चहा.

पुढच्या दालनातल्या मोठ्या पडद्यावर निकाल उमटला. लाल अक्षरांत ‘नापास’.

दादा मागच्या खोलीत घुसले. त्यांच्यामागून वहिनी, आणि वहिनींच्या मागून चहाचा कप घेतलेला मेहुणा.

“बाई, ही जीन्स कुणाची आहे माहितीये?”

“नाही. माहीत नसावं असा तुमचाच नियम आहे.”

“माझी आहे!”

“बरं झालं सांगितलंत,” भिंगबाई म्हणाल्या. “मालकाला बोलवायचंच होतं. बसा.”

दादा बसले नाहीत. बसणं त्यांना हल्ली नव्या पँटीत जमत नसे.

“खोटी कशी असेल? रिव्हेट बघा!”

“रिव्हेट खरे आहेत. कंपनीची अक्षरं ठशानं दाबलेली, कडा स्वच्छ, मागच्या टोपीवरसुद्धा. नकलेत मागची बाजू बहुतेक कोरी असते. बटणाच्या पाठीवर कारखान्याचा आकडा आहे, तोच लेबलावर छापलाय. लेबलाची शिवण जुनी, कापडासारखीच विटलेली. जीन्स अस्सल आहे.”

“मग?”

“पट्टीही अस्सल आहे. चामडं धुण्यानं आक्रसलंय, बैल नीट उमटलाय. फक्त या दोघांचं लग्न मागाहून लागलंय.”

मेहुण्याच्या नाकातून चहा आला.

बाईंनी पट्टीचा फोटो पडद्यावर मोठा केला. “पट्टीच्या कडेला सुईची रिकामी भोकं आहेत. म्हणजे ही एकदा दुसरीकडे शिवलेली होती. इथला दोराही वेगळा पिवळा. आणि कापडावर बघा, पट्टीच्या एकाच बाजूला गडद निळा चौकोन उरलाय. तिथं आधी दुसरी पट्टी होती, तिच्याखाली रंग उडाला नाही. नवी पट्टी तिरकी बसलीय. कुणीतरी घाईनं शिवलीय.”

“शिंप्यानं!” दादा बोलून गेले.

“आता आकडे. पट्टीवर कंबर तीस. आतल्या लेबलावर छत्तीस.”

दादांनी शर्ट आणखी खाली ओढला.

“छत्तीस?” वहिनी म्हणाल्या. त्यांनी हा आकडा असा उच्चारला की त्यात सगळा संसार आला. “लग्नाआधी दुसऱ्यांदा घरी आलात तेव्हा हीच घातली होतीत ना? शर्ट आत खोचून? पाठ वळवून बाबांना म्हणालात, बघा, तीस!”

“ताई, थांब थांब,” मेहुणा पडद्याजवळ गेला. “पट्टीच्या कोपऱ्यात तो अर्धा गोल डाग दिसतोय का? माझ्या सायकलच्या चेनचं ग्रीस आहे ते. दाजी, ही माझ्या जीन्सची पट्टी! लग्न ठरताना तुम्ही एक दिवसासाठी मागून नेली होतीत. परत देताना म्हणालात, पट्टी धोब्यानं हरवली.”

“धोबी तसाच होता,” दादा पुटपुटले.

“बिचाऱ्या धोब्याकडे मी परत कपडे टाकले नाहीत!”

दादा खुर्चीवर बसले. वरचं बटण सुटलं, पण त्याकडे कुणी पाहिलं नाही. पाहण्यासारखं बरंच झालं होतं.

“बाई, लेबल छापताना कंपनीची चूक झाली असेल असं लिहिता येईल?”

“येईल. मग तुमच्या दुकानातल्या प्रत्येक लेबलाबद्दल गिऱ्हाईक हेच म्हणेल.”

“आणि नापासच ठेवलं तर?”

“तर मालकाची जीन्स खोटी, असं पाहुणे म्हणतील.”

“आणि खरं लिहिलं तर?”

“तर जीन्स खरी.”

उरलेलं वाक्य वहिनींनी पूर्ण केलं. “आणि तुम्ही खोटे.”

दादा विचारात पडले. नव्या शाखेची अब्रू एका बाजूला आणि लग्नाआधीपासून सांभाळलेला तीसचा आकडा दुसऱ्या बाजूला. शेवटी धंदेवाईक माणूस धंद्याच्या बाजूनं झुकला. झुकताना दुसरं बटणही गेलं.

“खरं लिहा,” ते म्हणाले. “पण जरा... शब्द जपून.”

“पट्टी उसवून मेहुण्यांना परत द्या,” भिंगबाई म्हणाल्या. “पट्टी नसली तरी रिव्हेट, बटण आणि लेबल पुरेसं आहे. पास होईल.”

उसवायचं काम वहिनींनी केलं. दादांना कात्री धरू दिली नाही. मेहुण्यानं ती पट्टी तिथल्या तिथं चावीच्या जुडग्याला अडकवली, आणि त्या दिवसापासून तो दादांसमोर गाडी सुरू करताना चावी जरा जास्तच वाजवतो.

उद्घाटनाला पाहुण्यांनी काचेच्या पेटीपुढे गर्दी केली. जीन्सची कंबर उलटून ठेवली होती, आतलं लेबल दिसेल अशी. पाटीवरच्या शेवटच्या दोन वाक्यांवर रंग फासून त्या जागी भिंगबाईंचा निकाल चिकटवला होता:

‘जीन्स अस्सल. कंबर छत्तीस. तेव्हाची. आजच्या कंबरेचे फोटो मिळाले नाहीत.’