तेवीस खुणा

बायकोचे शब्द आपण हरवले, हे मला ती गेल्यावर सात महिन्यांनी, प्रकाशकाच्या ऑफिसात कळलं.

तिच्या कादंबरीतली 'मी' म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश बाई. पहिली अकरा प्रकरणं तिने स्वतः लिहिली. पुढे हात चालेना, म्हणून ती पलंगावरून सांगायची आणि मी शेजारी खुर्चीत बसून लिहून घ्यायचो. मी प्लंबर.

संपादकबाईंनी दोन पानं शेजारी ठेवली. "काका, दुसऱ्या प्रकरणात ही म्हणते, 'साक्षीत विसंगती होती.' तेराव्यात म्हणते, 'गडी सरळ थापा मारत होता.' आणि इथे तर हिचा संसार वायसर गेलेल्या नळासारखा गळतोय! न्यायाधीश बाई मध्येच पाना-पक्कड घेऊन बसल्या की काय?"

मला आधी हसू आलं. मग मी दोन्ही पानं जवळ ओढली. ती भरभर सांगायची. मी मागे पडलो की माझ्या शब्दांत उरकायचो. अर्थ तोच राहतो, असं वाटायचं. ती एकदा म्हणाली, "वाचून दाखव." मी म्हणालो, "आता झोप."

"मी नीट करून देते," संपादकबाई म्हणाल्या.

"नको. मग ते तुमचं होईल. आधीच माझं झालंय."

त्यांनी पेन्सिलीने तेवीस जागी खुणा केल्या आणि बाड परत दिलं. रोज सकाळी पलंगाशेजारच्या त्याच खुर्चीत बसून, ती नेमकं काय म्हणाली होती ते मी आठवतो. दोन जागी तिचे शब्द सापडले. एकवीस जागा अजून बाकी आहेत.