जबाबदार व्यक्ती

येडशीजवळच्या दूध प्रकल्पात बाहेरचे ऑडिटर येऊन गेले आणि चोवीस स्लाइड मागे ठेवून गेले. प्रत्येक त्रुटीचं काम, जबाबदार व्यक्ती आणि मुदत असा तक्ता करणं गुणवत्ता विभागाच्या संघप्रियावर आलं. चौदाव्या स्लाइडवर कॉम्प्रेसर रूमचा फोटो होता. त्याच खोलीत अमोनिया गळून फाल्गुनात तिचे वडील गेले होते. ती फोटोकडे न बघता मजकूर वाचू लागली.

स्लाइडवर एकच ओळ होती : ‘शीतकरण कक्षात सुरक्षाविषयक त्रुटी.’

प्लांट मॅनेजर महारुद्र सर खुर्ची ओढून शेजारी बसले. त्या खोलीचा आताचा ऑपरेटर ज्ञानोबा दारातच उभा राहिला.

“एका ओळीत उरकून टाक, पोरी. जबाबदारी ‘सर्व विभाग’, मुदत ‘लवकरात लवकर’.”

“एका ओळीत तीन कामं आहेत, सर.” तिनं ओळीचे तीन तुकडे केले. गॅस गळती ओळखणारं यंत्र बंद. बाहेर हवा फेकणारा पंखा बंद. आत एकट्यानं जाण्यावर बंधन नाही. “आणि सर्व विभाग म्हणजे कुणीच नाही.”

“मग ज्ञानोबाचं लिही. त्याच्याच खोलीतलं आहे.”

“मागच्या वर्षी बाबांचं लिहिलं होतं,” संघप्रिया म्हणाली. “त्यांच्याच खोलीतलं होतं.”

सरांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. संघप्रियाचा राग उसळला होता, आवाज मात्र हलला नाही. बाबांनी यंत्रासाठी तीनदा अर्ज दिला होता. मंजुरीची सही ज्यांच्या टेबलावर अडली, ते तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

“सायेब,” ज्ञानोबा दारातून म्हणाला, “माझं नाव लिवा, म्या न्हाय म्हणत न्हाय. पण मीबी अर्जच करीन.”

“तू गप रे.”

“हिच्या बापालाबी असंच गप केलं हुतं, सायेब.”

संघप्रियानं कीबोर्ड सरांसमोर सरकवला. “खरेदीला ज्याची सही लागते, त्याचं नाव. तुम्हीच टाका.”

“मुख्य कार्यालयाला काय वाटेल?”

तिनं जबाबदार व्यक्तीच्या रिकाम्या रकान्याकडे बोट केलं. सरांनी एका बोटानं आपलं नाव टाइप केलं, पहिल्यांदा चुकलं, खोडून पुन्हा केलं. मुदत तिनं घातली : यंत्राला पंधरा दिवस, पंख्याला आठ. तोवर आत एकट्यानं जायचं नाही आणि हातातलं गॅस मोजणारं यंत्र सोबत हवं; हे आजपासून.

“ऑर्डर गेली की ‘पूर्ण’ लिहिता येईल ना?” सरांनी विचारलं.

“नाही. यंत्र बसवून, गॅसची चाचणी घेऊन, त्याचा भोंगा गेटपर्यंत ऐकू आल्यावर.”

“आणि ते बघणार कोण?”

त्या रकान्यात तिनं आपलं नाव लिहिलं. मग तक्ता त्यांच्यादेखत मुख्य कार्यालयाला पाठवला. राग जरासुद्धा उतरला नव्हता. उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. पंधरा दिवस तो पुरायला हवा होता.