भिवाजीचं माप

भिवाजी शाळेचे शिपाई. त्यांच्याच निरोप समारंभाच्या फोटोत ते सगळ्यांच्या मागे, पार भिंतीपाशी उभे होते. फोटो निघाला तेव्हा ते शेवटची खुर्ची मांडून नुकतेच ताठ उभे राहिले होते, आणि कुणी त्यांना पुढे बोलावलंही नाही.

त्यांच्या निरोपाचा बॅनर छापायचा ठरला तेव्हा संस्थेचे अध्यक्ष तो फोटो आणि भिवाजींना घेऊन मानोरा गावातल्या माझ्या स्टुडिओत आले. "नोमान, याले माझ्या बाजूले उभं कर. बॅनर याचाच हाये."

मी स्क्रीनवर फोटोतल्या भिवाजींना कापून पुढे आणलं, तर ते अध्यक्षांच्या छातीपर्यंतही पोचेनात. मोठं करायचं, पण किती? अंदाजपंचे काम मला जमत नाही. भिवाजींजवळच्या खुर्चीची उंची मोजली, मग अध्यक्षांजवळच्या तसल्याच खुर्चीची. पुढची बरोबर दुप्पट निघाली. मी भिवाजींना दुप्पट केलं आणि त्यांचे पाय अध्यक्षांच्या पायांच्या ओळीत टेकवले.

भिवाजी अध्यक्षांपेक्षा वीतभर उंच झाले.

"हे खरं नाही वाटत," अध्यक्ष म्हणाले.

मी वळून पाहिलं. दोघे माझ्या खुर्चीमागेच उभे होते, आणि प्रत्यक्षातही फरक वीतभरच होता.

"साहेब, मोजून केलं."

"लोकाईले पटलं पाह्यजे ना! कमी कर."

केलं. भिवाजींचं डोकं अध्यक्षांच्या खांद्याशी आलं.

"आता कसं खरं वाटून राह्यलं!"

भिवाजी स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, "नोमान, मले मांगंच ठेव बापा. तिथं मी माह्या मापाचा तरी हाओ."