सोडा वाट बघत नाही

कल्पना करा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. तुमच्या पाठीला बेकरीची गरम भट्टी, समोर टेबल, आणि बाहेर जायच्या वाटेत बेकरीवाली मावशी उभी. टिकली अशीच अडकून उभी होती, आणि टेबलावर तिनं केलेला केक होता.

पाच वाजता एक आई तो न्यायला येणार होती. तिच्या मुलाच्या पोटात अंडं गेलं की ओठ सुजत, श्वास अडके. म्हणून बिनअंड्याचा केक हवा होता.

मावशीनं टिकलीला सगळं नीट शिकवलं होतं. अंडं एकटं तिघांचं काम करतं. भट्टीत घट्ट होऊन केक धरून ठेवतं, फेटलं की हवा कोंडून त्याला वर उचलतं, आणि ओलावाही देतं. ते रजेवर गेलं की बदली माणसं बोलवावी लागतात. भिजवलेली जवसाची पूड चिकट होते, ती धरून ठेवते. दही ओलावा देतं, आणि त्याच्या आंबटपणाशी खाण्याचा सोडा भेटला की बुडबुडे उठतात. पण हे बुडबुडे कुणासाठी थांबत नाहीत. सोडा पडला की मिश्रण थेट भट्टीत.

आज टिकलीनं सोडा घातला आणि मग भट्टीचं दार उघडलं. आत पाव भरलेले. ते निघेपर्यंत वीस मिनिटं गेली आणि फुललेलं मिश्रण मलूल होऊन बसलं. मावशी पुढे गिऱ्हाइकांत गुंतली होती. टिकलीनं गुपचूप दोन अंडी फेसाळ फेटली, मिश्रणात हलक्या हातानं कालवली आणि टरफलं कागदात गुंडाळून कचऱ्यात खाली दडपली.

केक टोपीसारखा फुगला.

मावशीनं त्यावर बोट दाबून पाहिलं. तो स्पंजसारखा परत वर आला.

"माझा दह्याचा केक असा कधी उसळत नाही गं," ती म्हणाली. "शिष्य गुरूला गिळणार म्हणायचं."

टिकली हसली. हसू तोंडावर तसंच चिकटून राहिलं. मावशीनं केक थंड केला, वर साखरेची पांढरी पूड भुरभुरवली, शेजारच्या दुकानदाराला बोलावून दाखवला. दर कौतुकाबरोबर खरं सांगायची जागा आणखी अरुंद होत होती. तीन वाजले. मावशीनं खोकं उघडलं आणि केक आत सरकवायला घेतला.

टिकलीला त्या मुलाचे ओठ दिसले.

तिनं सुरी उचलली आणि केकचा मधोमधला मोठा तुकडा कापला. मावशी बघतच राहिली.

"यात अंडी आहेत मावशी. दोन. सोडा आधीच घातला मी, भट्टी रिकामी नव्हती."

मावशीनं घड्याळाकडे पाहिलं आणि ती वाटेतून बाजूला झाली.

टिकलीनं भांडी, रवी, साचा, टेबल, सगळं गरम पाण्यानं आणि साबणानं दोनदा घासलं. जवसाची पूड भिजत घातली. दही मोजलं. मग सोड्याच्या डब्याला हात लावण्याआधी ती भट्टीपाशी गेली, आणि तिनं दार उघडून आत पाहिलं.